महालाच्या मधोमध काय होतं

आमच्या घराची रस्त्याकडची खोली एका फोटोग्राफरने भाड्याने घेतली होती. घर वसईच्या पश्चिमेला, वटारला लागून असलेल्या गावात. मागे केळी आणि चिकू, पुढे रस्ता, आणि त्या भाड्याच्या खोलीत संगमरवरी महाल.

महाल कापडाचा होता. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या एका पेंटरकडून फोटोग्राफरने तो करवून घेतला होता. पायऱ्या, दोन्ही बाजूंना खांब, डावीकडे तळं आणि तळ्यात हंस. कापड बांबूला गुंडाळून छताला टांगलेलं असे. गिऱ्हाईक आलं की दोरी सोडायची, महाल खाली यायचा. त्याचं खालचं टोक जमिनीवर पुढे ओढून त्यावर सतरंजीची कड टाकायची, म्हणजे भिंत आणि जमीन यांचा सांधा फोटोत दिसत नाही. पेंटरने खांबांची डावी बाजू उजळ आणि उजवी गडद रंगवली होती, म्हणून फोटोग्राफरचा मोठा दिवाही कायम डावीकडेच उभा असे. नाहीतर माणसावर ऊन एकीकडून आणि महालावर दुसरीकडून पडलं असतं. उंच माणसाचं डोकं महालाच्या छज्ज्याच्या वर जाई, तेव्हा त्याला खुर्चीत बसवत. गावातले सगळे उंच पुरुष फोटोंत बसलेलेच आहेत.

या महालाशी एका घराचा खास संबंध होता. गावातली सगळ्यात मोठी वाडी त्या घराची. घरातल्या सुनेचं सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की त्याच दिवशी तिला हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत स्टुडिओत आणायचं आणि महालापुढे उभं करायचं. फोटो ओटीवरच्या भिंतीवर लागे. पहिला फोटो घरच्या काकींचा, काळा-पांढरा. पुढे त्यांच्या जावांचे आणि मोठ्या सुनांचे, रंगीत. सगळ्या जणी एकाच पायरीपुढे उभ्या, सगळ्यांच्या कमरेजवळ तोच हंस.

फोटोग्राफरला या घराचं महत्त्व पक्कं ठाऊक होतं. काकींनी ज्याच्याकडून मांडव घातला त्याच्याकडून गाव मांडव घाली. काकींनी ज्याचं केळवण नाकारलं त्याच्याकडे पुढचा आठवडाभर कोणी जेवत नसे. वाडीचं काम गेलं की गावाचं काम गेलं, हे तो आम्हाला अधूनमधून ऐकवत असे.

दोन हजार साल उलटल्यावर वसईच्या पूर्वेला एव्हरशाईन सिटीत एक चकाचक स्टुडिओ निघाला. तिथे म्हणे माणूस वसईत उभा राहतो आणि फोटोत स्वित्झर्लंडमध्ये दिसतो. गावातली कॉलेजची मुलं पूर्वेला जाऊन बर्फात उभी राहून आली. फोटोग्राफरने महिनाभर हे सहन केलं. मग विरारला एका क्लासमध्ये नाव घातलं, डिजिटल कॅमेरा, कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणला, आणि निसर्गदृश्यांची एक सीडी.

क्लासमधल्या शिक्षकाने एक सूत्र दिलं होतं. तो हिंदीत शिकवायचा: आदमी हरा नहीं होता. माणसाच्या कातडीत, केसांत हिरवा रंग नसतो. म्हणून मागे हिरवं कापड लावायचं, फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचा आणि त्यातल्या जादूच्या कांडीने हिरव्यावर एकदा टिचकी मारायची. तशा रंगाचा भाग जिथे असेल तिथे निवडला जातो आणि त्याच्या कडेने बारीक तुटक रेघ मुंग्यांसारखी धावू लागते. बटण दाबलं की हिरवं नाहीसं. त्याजागी राखाडी-पांढरे चौकोन दिसतात, म्हणजे तिथे आता काहीच नाही. मग खाली स्वित्झर्लंड सरकवायचं.

फोटोग्राफरने महालाचा पडदा उतरवला आणि पोपटी हिरवं कापड टांगलं. महाल शेजाऱ्यांनी मागितला, पेंढ्यावर घालायला. त्याने देऊन टाकला. पडदा सरस घातलेल्या पाण्याच्या रंगांचा होता, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आलं नाही. गणपतीपर्यंत महाल धुऊन पेंढ्यात उतरला आणि वर पांढरं कापड राहिलं. हंसाची मान तेवढी बरेच दिवस दिसत होती.

सुरुवातीचे महिने चांगले गेले. शाळेची मुलं, पासपोर्टवाले, लग्नाळू मुलगे. अडचण एकच, केसांची. विस्कटलेल्या बटांमधून हिरवं डोकावतं आणि कांडीला ते नीट निवडता येत नाही. एकतर केस कापले जातात, नाहीतर डोक्याभोवती हिरवी प्रभावळ राहते. फोटोग्राफरने दारावर पाटी लावली: ‘केसांना तेल लावून, चापून यावे.’ गावाला ती नवीन वाटली नाही.

लग्नाची कामं तो मांडवात जाऊन करी, तिथे पडदा नसे. त्यामुळे हिरव्या कापडापुढे हिरव्या साडीतली बाई उभी राहण्याचा प्रसंग वाडीच्या धाकट्या सुनेपर्यंत आला नाही.

धाकटी सून एव्हरशाईनमधली. तिचे वडील मुंबईत नोकरीला, आई फ्लॅटच्या सोसायटीत महिला मंडळ चालवणारी. डोहाळजेवणाचा फोटो आपल्याकडच्या स्टुडिओत काढू, असं त्या विहीणबाईंनी सुचवलं होतं. काकी म्हणाल्या, “आमच्याकडे महालापुढे काढतात.” विषय तिथेच संपला. पण विहीणबाई फोटो बघायला येणार, हेही त्यातच ठरलं. सून माहेरी जायच्या आधी फोटो भिंतीवर हवा होता.

काकींनी स्टुडिओच्या दारात उभं राहून विचारलं होतं, “महाल आहे ना रे?”

“आहे ना, काकी,” फोटोग्राफर म्हणाला. “आता कॉम्प्युटरमध्ये आहे.”

कॉम्प्युटरमध्ये तेव्हा स्वित्झर्लंड, ट्यूलिपची बाग आणि एक धबधबा होता.

डोहाळजेवणाच्या दिवशी सून आली. हिरवी जरीकाठी साडी, कोपरापर्यंत हिरवा चुडा, मोगऱ्याच्या कळ्यांचा बाजूबंद, कमरपट्टा, हातात फुलांनी मढवलेलं धनुष्य. बरोबर बायकांचा घोळका. त्या गडबडीत फोटोग्राफरने फुलं नीट दिसतात की नाही ते बघितलं, हनुवटी वर करायला सांगितलं आणि भराभर फोटो घेतले. मंडळी वाडीत परत गेली. त्याने फोटो कॉम्प्युटरवर उतरवला आणि हिरव्यावर टिचकी मारली.

मी त्या दिवशी सुट्टीवर होतो. त्याच्या बायकोची, वहिनींची, हाक ऐकून आत गेलो.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चेहरा होता. त्याखाली बराच वेळ काही नाही. मग मोगऱ्याचा कमरपट्टा, हवेत. बाजूला दोन सुटे पंजे आणि धनुष्य. सर्वात खाली पावलं. बाकी चौकोन.

“अहो, बाई कुठे गेली?” वहिनींनी विचारलं.

“आहे. साडी गेली फक्त.”

“फक्त? आणि चुडा?”

“तोही हिरवाच की.”

“सात महिन्यांच्या सवाष्णीच्या हातातला चुडा उतरवलात तुम्ही!” वहिनींनी पदर खोचला. “हे काकींनी बघितलं तर आपल्याला गावात पाणी कोण देईल? आधी परत घाला. आत्ता.”

त्याने कॉम्प्युटरला एक पाऊल मागे नेलं. साडी परत आली, चुडा परत आला आणि पोपटी कापडही परत आलं. वहिनींनी स्क्रीनला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला.

फोटो पुन्हा काढायचा प्रश्न नव्हता. फुलं सुकली होती, आणि डोहाळजेवण एकाच बाईचं त्याच महिन्यात दोनदा होत नाही. जे होतं त्यातूनच बाई काढायची होती. कांडीच्या खिडकीत एक छोटा चौकोन असतो. त्यात खूण केली तर ती फक्त सलग भागच निवडते, दूरवरचा तसा रंग सोडून देते. त्यामुळे फुलांच्या आत अडकलेल्या चुड्याचा काही भाग वाचला. पण साडीची कड थेट कापडाला लागून होती, तिथे कांडी कापडातून साडीत सरळ चालत गेली.

मग त्याने कांडी सोडून पेन घेतला. हा पेन म्हणजे कडेवर एकेक ठिपका ठेवत जायचा, दोन ठिपक्यांमधली रेघ ओढून वाकवायची आणि असं करत माणसाला पूर्ण वेढा घालायचा. सोपं, फक्त कड दिसली पाहिजे. चित्र मोठं करून बघितलं तर हिरव्याशेजारी हिरवं होतं. जरी होती तिथे काम भरभर झालं. निऱ्यांपाशी तो थांबला.

“हा पडदा,” तो म्हणाला.

“हा पदर,” वहिनी म्हणाल्या. “पदर असा पडतो. तुम्ही कधी नेसलात? त्याच्या आतून घ्या. नाही, बाहेरून. आता ही निरी. हिची घडी इथे मोडते. अहो, तिचं पोट कुठे कापताय!”

दुपारभर ते असं चाललं. शेवटी बाई सुटी झाली. कडा कात्रीने कापल्यासारख्या दिसू नयेत म्हणून त्याने त्या किंचित विरवल्या. कापडाचा पोपटी उजेड तिच्या गालावर आणि मानेवर पडला होता, त्या जागचा हिरवा रंग उतरवला. “पांडुरोग गेला,” वहिनी म्हणाल्या.

आता महाल हवा होता.

निगेटिव्ह त्याच्याकडे नव्हत्या. प्रिंटबरोबर निगेटिव्ह देऊन टाकायची त्याची पद्धत होती, आणि गावाने त्या सूर्यग्रहणाला वापरल्या होत्या. महाल शिल्लक होता तो लोकांच्या भिंतींवर, लोकांच्या मागे. फोटोग्राफरच्या डोक्यात आलेला विचार सरळ होता. आजवर पडदा काढून माणूस ठेवत होतो, आता माणूस काढून पडदा ठेवायचा.

काच पुसून देतो, असं सांगून त्याने वाडीतून जावांच्या आणि सुनांच्या फ्रेमा आणल्या. दमट हवेने फोटो काचेला चिकटले होते, म्हणून काचेसकट स्कॅन केले. रंग विटून लालसर झाले होते, ते सारखे करून घेतले. एक फोटो अर्धा पारदर्शक करून दुसऱ्यावर ठेवला आणि पायऱ्यांचे कोपरे जुळेपर्यंत लहानमोठा केला. एकीच्या मागे झाकलेला खांब दुसरीच्या शेजारी दिसत होता, तिथे वरची बाई पुसली की खालच्या फोटोतला खांब दिसे. खांब झाले, तळं झालं, हंस झाला. महाल कडेने उभा राहू लागला.

मध्ये मात्र बायकाच होत्या. सगळ्यांना त्याने बरोबर मधोमध उभं केलं होतं, सगळ्या खात्यापित्या घरच्या, अंगाने भरलेल्या. एक पुसली की खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. महालाच्या मधोमध काय होतं हे कोणत्याच फोटोत नव्हतं आणि फोटोग्राफरला आठवत नव्हतं.

“दार होतं,” तो म्हणाला.

“कारंजं,” वहिनी म्हणाल्या.

माझ्या आईच्या मते तुळशीवृंदावन होतं.

काही का असेना, नवी सून तिथेच उभी राहणार होती, तेवढा भाग झाकला जाणार होता. पण ती खांद्यांनी अरुंद, शेलाटी. पोट सोडलं तर तिच्या दोन्ही बाजूंनी आधीच्या बायकांचे दंड बाहेर येत होते. तिच्याहून बारीक माणसाचा, महालापुढचा, रंगीत फोटो हवा होता.

तो शोध फोटोग्राफरने उघडपणे केला, ही त्याची चूक. घरोघर जाऊन त्याने विचारलं, “तुमच्यात सगळ्यात बारीक कोण होतं?” पहिल्या घरात त्याला सांगण्यात आलं की आमच्याकडे सगळे पोटभर जेवतात. दुसऱ्या घरात सासूने सुनेकडे आणि सुनेने सासूकडे बोट दाखवलं. तिसऱ्या घरातून कोणीतरी मागून ओरडलं, “काय रे, सुकटीचा धंदा काढलास काय?”

अखेर बँकेत कारकून असलेल्या एका गृहस्थांचं नाव निघालं. लग्नाआधी, मुली बघायच्या वेळी त्यांनी महालापुढे फोटो काढला होता. आता त्यांना स्टुडिओच्या दारातून थोडं तिरकं यावं लागलं, पण फोटो त्यांनी स्वतः आणला.

“बघ. शर्टाच्या आत कोणी आहे असं वाटतं का?” ते अभिमानाने म्हणाले.

“नाही वाटत, भाऊ. फार उपकार झाले.”

“हा फोटो बघून तीन ठिकाणांहून नकार आला होता. म्हणाले, पोराला काही आजार आहे का. शेवटी आमच्या सासऱ्यांनी फोटो न बघता होकार दिला. तेव्हा जपून. माझं नेमकं काय करणार आहेस?”

“तुम्हाला काढून टाकणार.”

“आणि?”

“तुमच्या जागी वाडीची सून.”

गृहस्थांनी थोडा विचार केला. “काकींना माझं नाव सांगशील ना?”

“अजिबात नाही.”

“नको, नको. सांगूच नको,” असं म्हणून त्यांनी फोटो दिला.

त्यांचा फोटो कमरेपासून वरचा नव्हता, हे नशीब. मधल्या पायऱ्या आल्या, कमान आली. त्यांना पुसल्यावर राहिलेलं भोक सुनेच्या आकारात आरामात मावलं. तिला आणून ठेवलं, महालाच्या मानाने लहान केलं, पाय पायरीपुढे टेकवले. वसईतल्या लॅबमधून मोठी प्रिंट करून आणली. वहिनींनी ती हात लांब करून बघितली, जवळून बघितली, चुडा बघितला. “आता द्या,” त्या म्हणाल्या.

काकी फोटो घ्यायला स्वतः आल्या. त्यांनी बांगड्या बघितल्या, दागिने बघितले, हंस बघितला. फोटोग्राफर हात मागे बांधून उभा होता. काकींचं बोट एका जागी थांबलं.

“ही सावली कुणाची?”

सुनेच्या उजवीकडे, पायऱ्यांवर चढत गेलेली एक सावली होती. बँकेच्या गृहस्थांनी फोटोच्या वेळी घाबरून पडद्याला खेटून उभं राहिल्यामुळे त्यांची सावली महालावर पडली होती. फोटोग्राफरने त्यांना पुसलं, सावलीला महालाचा भाग समजून ठेवलं. दिवा डावीकडे, सावली उजवीकडे, सगळं बरोबर. फक्त सावली काडीसारखी होती.

“सुनेचीच, काकी,” तो म्हणाला.

“सात महिन्यांची पोरगी. सावलीला पोट नाही?”

फोटोग्राफर वाकून सावली बघू लागला.

“आमच्या विहीणबाई डोळ्यांत तेल घालून बघणार आहेत. सुनेशेजारी कोण्या बाप्याची सावली घेऊन मी ओटीवर बसू? आधीच त्या म्हणतात, गावच्या स्टुडिओत काय कळतं.” काकींनी फोटो टेबलावर ठेवला. “महाल गेला, हे मला पेंढ्यावर हंस दिसला तेव्हाच कळलं होतं. म्हटलं, बघू काय करतोस. चांगलं केलंस. आता या सावलीला पोट रंगवून आण. उद्या त्या येणार आहेत. नाही जमलं तर सांग, मी त्यांच्याच स्टुडिओत पाठवते.”

सावली पुसणं सोपं होतं, पण मग सून पायरीवरून तरंगल्यासारखी दिसत होती. सावली हवीच होती, पोटाची. ब्रशचा रंग एकदम पातळ करून, एकावर एक हात मारत सावली वाढवता येते. अडचण अशी की गरोदर बाईची सावली पायऱ्यांवर कशी पडते हे कोणाला माहीत नव्हतं. त्याने आधी एक गोल काढला. वहिनी म्हणाल्या, सावलीने कलिंगड चोरलंय.

“तुम्ही उभ्या राहा,” त्याने वहिनींना सांगितलं. “उशी बांधून.”

“मी नाही. अशी उशी बांधून कोणी बघितलं तर उद्या पेढे मागायला येतील.”

त्यामुळे उशी फोटोग्राफरने स्वतः बांधली. वर वहिनींची साडी गुंडाळली, म्हणजे निऱ्यांची सावली कळावी. मोठा दिवा डावीकडे सरकवला. भिंतीला पायऱ्या नव्हत्या, म्हणून आमच्या घरातून पाट आणि धान्याचे डबे नेऊन पायऱ्या रचल्या. गरोदर बायका ठेवतात तसा हात कमरेवर ठेवून फोटोग्राफर उभा राहिला आणि वहिनींनी त्याच्याच कॅमेऱ्याने त्याच्या सावलीचे फोटो घेतले. “हनुवटी वर,” त्या म्हणाल्या. “जरा लाजा.”

बँकेचे गृहस्थ आपला फोटो परत न्यायला त्याच वेळी दारात आले. त्यांनी आत बघितलं. मग काही न विचारता पाय न वाजवता परत गेले. पण ते गावाच्या रस्त्याने गेले, घरोघर थांबत.

सावलीचा नमुना मिळाला होता. पोटाचा फुगवटा एका पायरीवर उठतो आणि पुढच्या पायरीवर मोडून थोडा वर सरकतो, हे डब्यांनी दाखवलं. त्याबरहुकूम त्याने ब्रश फिरवला, कड विरवली आणि लॅब बंद व्हायच्या आत नवी प्रिंट करून आणली.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई ओटीवर बसून सगळे फोटो ओळीने बघत गेल्या. आमच्या घरालाही आमंत्रण होतं म्हणून मीही तिथे होतो. नव्या फोटोपुढे त्या बराच वेळ थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“आमच्याकडच्या स्टुडिओत असा उजेड येत नाही,” त्या म्हणाल्या. “कम्प्लीट खरा वाटतो हो. हा पडदा अजून आहे त्यांच्याकडे?”

“आहे तर,” काकी म्हणाल्या. “जपून ठेवलाय त्याने.”

विहीणबाईंनी आपल्या महिला मंडळातल्या बायकांचा एक ग्रुप फोटो या महालापुढे काढायची इच्छा बोलून दाखवली. फोटोग्राफर सरबताचा पेला हातात धरून कोपऱ्यात उभा होता. तो हळूच म्हणाला, “फक्त हिरवं नेसू नका, ताई.”

सून माहेरी गेली. मुलगी झाली. बारशाचं सांगायला काकी स्टुडिओत आल्या तेव्हा दारात दोन-तीन गिऱ्हाईकं उभी होती. काकींनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वार आणि वेळ सांगितली, जेवूनच जायचं म्हणून बजावलं आणि पायरी उतरता उतरता मागे वळल्या.

“आणि हे बघ,” त्या म्हणाल्या, “उशी घरीच ठेवून ये.”